‘पाणी सोडणे’ आणि ‘पानी छोड़ना’

मराठीतून हिंदीत भाषांतर करणाऱ्याला लोक सहसा भाग्यवान समजतात. लिपी एकच, संस्कृतातून आलेले शब्द बरेचसे तेच, वाक्यात क्रियापद शेवटी येण्याची सवयही सारखी. त्यामुळे मराठीतला वाक्प्रचार हिंदीत न्यायचा म्हणजे प्रत्येक शब्दाला त्याच्या बाजूचा शब्द ठेवायचा, एवढंच काम उरतं असं वाटू लागतं. हा संग्रह तो समज दूर करण्यासाठी केला आहे. दूरच्या भाषेत शब्दशः नेलेला वाक्प्रचार निदान विचित्र दिसतो आणि वाचणारा थांबतो. जवळच्या भाषेत तो व्याकरणाने अगदी शुद्ध दिसतो, त्याला काहीतरी अर्थही असतो, आणि तो अर्थ मूळ अर्थापेक्षा वेगळा किंवा त्याच्या उलटा असतो. वाचणारा थांबत नाही, संपादक थांबत नाही आणि चूक छापून येते.

संग्रहासाठी एकाच शब्दाभोवतीचे वाक्प्रचार घेतले आहेत. तो शब्द म्हणजे पाणी. मराठीत पाणी तोंडाला सुटतं आणि तोंडचं पळतंही. ते हक्कावर सोडतात, मेहनतीवर पडतं, भिंतीत मुरतं, माणसाचं जोखलं जातं, शत्रूला पाजलं जातं. पाण्यात माणसं एकमेकांना पाहतात आणि लोक देवही ठेवतात. हिंदीतही पाणी असंच सगळीकडे शिरलेलं आहे. दोन्ही भाषांत एवढी समृद्धी असल्यामुळेच शब्दाला शब्द जोडण्याचा मोह होतो, आणि म्हणूनच अभ्यासाला हा शब्द उत्तम आहे.

एका वाक्यापासून सुरुवात करू. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीची गोष्ट आहे. लेखक लिहितो: ‘धाकट्याने आपल्या हिश्श्यावर पाणी सोडलं.’ हे हिंदीत न्यायचं आहे.

पहिलं भाषांतर हाताशीच असतं: ‘छोटे ने अपने हिस्से पर पानी छोड़ दिया.’ हिंदीत धरणातून पाणी सोडतात, शिजताना भाजी पाणी सोडते, त्यामुळे वाक्य शुद्ध आहे. हिंदी वाचक समजेल की धाकट्याने आपल्या वाट्याच्या शेताला पाणी दिलं. गोष्ट जमिनीची असल्यामुळे हा अर्थ बेमालूम बसतो. पुढे चार पानांनी ते शेत थोरल्याच्या नावावर कसं, हे त्याला कळणार नाही.

थोडा अधिक जाणता भाषांतरकार म्हणेल, हिंदीत पाण्याचा वाक्प्रचार आहे की: ‘पानी फेरना’. मग वाक्य होईल ‘छोटे ने अपने हिस्से पर पानी फेर दिया.’ आता वाक्य खरोखर हिंदी झालं, पण धाकटा बदलला. ‘पानी फेरना’ म्हणजे वाया घालवणं, मातीमोल करणं. आपल्याकडे मेहनतीवर पाणी पडतं किंवा फिरतं, त्याचं ते भावंड आहे. त्यागी धाकटा हिंदीत उधळ्या झाला.

तिसरा म्हणेल ‘छोटा अपने हिस्से से हाथ धो बैठा’. हे वाक्य कानाला सर्वांत गोड लागतं आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे. ‘हाथ धो बैठना’ म्हणजे गमावून बसणं. त्यात माणसाची इच्छा नसते, बहुधा चूक किंवा दुर्दैव असतं. मूळ वाक्यातला धाकटा काही गमावत नाही, तो स्वतः सोडतो. हिंदी वाचक त्याची कीव करेल, मराठी वाचकाने मात्र त्याला मान दिला होता.

चौथा पर्याय ‘तिलांजलि दे दी’. इथे आपण मूळ कल्पनेच्या बरेच जवळ येतो, आणि का येतो हे समजण्यासाठी ‘पाणी सोडणे’ कुठून आलं ते पाहायला हवं. दान देताना दाता हातावर पाणी घेऊन ते सोडतो आणि ‘न मम’ म्हणतो, म्हणजे हे आता माझं नाही. पाणी खाली पडलं की वस्तूवरचा हक्क संपला. दिलेलं परत मागता येत नाही आणि बळजबरीने घेतलेल्याला दान म्हणत नाहीत. म्हणून या वाक्प्रचारात दोन गोष्टी पक्क्या बसल्या आहेत: स्वतःच्या हाताने सोडणं आणि कायमचं सोडणं. मराठीत ‘उदक सोडणे’ असंही म्हणतात. पण ‘हिश्श्यावर जल सोडलं’ किंवा ‘नीर सोडलं’ म्हटलं की वाक्प्रचार मोडतो, कारण त्या विधीच्या बोलीत पाणी आणि उदक हेच शब्द आहेत. याच विधीत वस्तूवर तुळशीचं पान ठेवतात. त्यावरून ‘घरादारावर तुळशीपत्र ठेवणे’ आलं. त्याचा जोर आणखी मोठा, त्यात सगळं काही एका वेळी सोडून दिलेलं असतं.

‘तिलांजलि’सुद्धा हातातून सोडलेलं पाणीच आहे, पण ते मृताला तीळ घालून दिलेलं पाणी आहे. त्यामुळे त्यात संबंध तोडण्याचा भाव येतो. हिंदीत आदर्शांना, सवयींना, नोकरीला ‘तिलांजलि’ देतात, आणि ती संस्कृत वळणाची, लिहिण्यातली भाषा आहे. (मराठीतही ‘तिलांजली देणे’ आहे आणि तिथेही ते लेखी भाषेतच जास्त भेटतं.) शेतकरी भावाबद्दल गावकरी बोलत असेल तर त्याच्या तोंडी ते जड होतं. कथा सांगणारा निवेदक शिकलेला असेल आणि भावाने हिश्श्यासोबत घराशीही नातं तोडलं असं सुचवायचं असेल, तर ‘तिलांजलि’ उत्तम.

आणि पाचवा पर्याय अगदी साधा: ‘छोटे ने अपना हिस्सा छोड़ दिया.’ त्यात वाक्प्रचार नाही, चित्र नाही. पण स्वेच्छा आहे, कायमपण आहे आणि गावकऱ्याची भाषा आहे. बोलण्याच्या प्रसंगात मी हाच घेईन. थोडा ठसका हवा असेल तर ‘खुशी-खुशी छोड़ दिया’ म्हणता येईल. वाक्प्रचाराला वाक्प्रचारच हवा हा हट्ट भाषांतरकाराने धरू नये. इथे गेलेला रंग दुसऱ्या एखाद्या वाक्यात, जिथे मूळ लेखक साधं बोलला आहे पण हिंदीत सहज वाक्प्रचार येतो, तिथे परत देता येतो. एकूण मजकुराचा पोत सारखा राहिला म्हणजे झालं.

आता त्याच वाक्यात एक छोटा बदल करू: ‘धाकट्याला आपल्या हिश्श्यावर पाणी सोडावं लागलं.’ ‘सोडलं’चं ‘सोडावं लागलं’ झालं आणि स्वेच्छा गेली. ‘बुडीत कर्जावर पाणी सोडावं लागलं’, ‘पगारवाढीवर पाणी सोडावं लागलं’, असं आपण रोज म्हणतो. दानाचा विधी तिथे फक्त वरवरचा राहतो, आत नुकसान असतं. इथे मघाशी नाकारलेलं ‘हाथ धोना पड़ा’ चपखल बसतं: ‘छोटे को अपने हिस्से से हाथ धोना पड़ा.’ एकाच मराठी वाक्प्रचाराला, त्याचं क्रियापद कसं चाललं आहे त्यावरून, दोन वेगळे हिंदी पर्याय लागतात. ‘पाणी सोडणे’ यासमोर एकच उत्तर लिहून ठेवणारी यादी म्हणूनच भाषांतरकाराच्या फारशी उपयोगी पडत नाही. वाक्प्रचार कोशात धातुरूपात उभा असतो, पण भाषांतर करायचं असतं ते वाक्यातल्या वाक्प्रचाराचं.

हात धुण्यावरून थोडं विषयांतर करतो, कारण जवळच्या भाषा कुठे सोबत चालतात आणि कुठे वाट बदलतात हे त्यातून फार स्वच्छ दिसतं. ‘हात धुऊन मागे लागणे’ आणि ‘हाथ धोकर पीछे पड़ना’ हे दोन्ही एकच. ‘वाहत्या गंगेत हात धुणे’ आणि ‘बहती गंगा में हाथ धोना’ हेही एकच. पण मराठीत ‘हात धुऊन घेणे’ म्हणजे संधीचा फायदा उठवणं, आणि हिंदीत ‘हाथ धो लेना’ म्हणजे बहुतेक वेळा सोडून देणं, आशा संपवणं. ‘त्या व्यवहारात त्याने हात धुऊन घेतले’ हे वाक्य शब्दशः नेलं तर कमावणारा माणूस गमावणारा होतो. इंग्रजीत हात धुणे म्हणजे जबाबदारी झटकणे. ती बायबलमधल्या पिलातच्या गोष्टीतून आलेली कल्पना आहे. हात तेच, पाणी तेच, आणि तीन भाषांत तीन गोष्टी.

मग समान वाक्प्रचार शोधायचा कसा? मी जी वाट धरतो ती वाटणीच्या त्याच गोष्टीतल्या पुढच्या वाक्यावर दाखवतो. धाकट्याने हिस्सा सोडल्यावर ‘थोरल्याला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.’

पहिलं काम म्हणजे चित्र बाजूला ठेवून प्रसंग साध्या भाषेत सांगायचा. एका माणसाला संशय आला आहे. पुरावा नाही. वरवर सगळं ठीक दिसतं, पण आत काहीतरी लपवलं जात आहे असं त्याला वाटतं. तो हे मनाशी किंवा विश्वासातल्या माणसाशी बोलतो, समोरच्याच्या तोंडावर क्वचित बोलतो. ही चार वाक्यं कागदावर मराठीतच लिहावीत. बहुतेक चुका याच ठिकाणी होतात, कारण आपल्याला वाक्प्रचार समजतो म्हणून आपण त्याचा अर्थ मांडण्याचे कष्ट घेत नाही.

दुसरं काम म्हणजे मूळ शब्द विसरून लक्ष्यभाषेत त्या प्रसंगात शिरायचं. हिंदी घरात, हिंदी चौकात, असा संशय आलेला माणूस काय म्हणतो? उत्तर लगेच येतं: ‘दाल में कुछ काला है.’ पाण्याचा इथे पत्ता नाही आणि त्याची गरजही नाही. पुरावा नसणं, वरून ठीक दिसणं, हलक्या आवाजात बोलणं, सगळं जुळतं. ‘बड़े को लगा, दाल में कुछ काला है’ हे वाक्य हिंदीत जन्मल्यासारखं वाचलं जातं.

तिसरं काम बहुतेक जण टाळतात. मूळ लेखकाने ते चित्र पुढे वापरलं आहे का, हे पाहायचं. पाणी मुरतं म्हणजे भिंतीत, धाब्यात किंवा बांधात दिसणार नाही असं झिरपतं. म्हणून मराठीत संशयाच्या पुढची पायरीही याच चित्रात घेता येते: ‘पाणी कुठे मुरतंय ते त्याला कळलं.’ आपला लेखक दोन परिच्छेदांनंतर नेमकं हेच लिहितो. हिंदीतली डाळ इथे अडते. ‘दाल कहाँ काली है’ असं कोणी म्हणत नाही. तेव्हा दोन मार्ग उरतात. पहिल्या ठिकाणी डाळ ठेवून दुसऱ्या ठिकाणी साधं ‘गड़बड़ कहाँ है, यह वह समझ गया’ म्हणायचं, किंवा दोन्ही ठिकाणी डाळ वगळून ‘गड़बड़’ हाच धागा चालवायचा. मी पहिला मार्ग घेईन, कारण पहिल्या वाक्याचा ठसा मोठा आहे आणि दुसरं वाक्य कथेला पुढे नेणारं आहे. तिथे वाचकाला चित्रापेक्षा माहिती हवी असते.

चौथं काम म्हणजे परीक्षा. तयार हिंदी वाक्य पुन्हा मराठीत आणून पाहायचं. शब्द जुळणार नाहीत, जुळू नयेतच. प्रसंगाची आपण लिहिलेली चार वाक्यं जुळतात का, एवढंच पाहायचं. ‘हाथ धो बैठा’ या परीक्षेत लगेच नापास होतं, कारण उलट आणताना आपण ‘गमावून बसला’ असं म्हणू, ‘पाणी सोडलं’ असं म्हणणार नाही.

ही परीक्षा माणसाकडून करून घ्यायची असेल तर माणूस जपून निवडावा. मुंबई-नागपूरकडचा, दोन्ही भाषा बोलणारा मित्र या कामाला सर्वांत वाईट परीक्षक आहे. त्याला मराठी येत असल्यामुळे ‘बारह गाँव का पानी पिया हुआ’ त्याला लगेच कळतं आणि तो मान डोलावतो. अलाहाबाद किंवा भोपाळकडचा, मराठीचा गंध नसलेला वाचक हवा. आणि त्याला ‘हे समजतं का?’ असं विचारू नये, कारण माणूस सौजन्याने ‘हो’ म्हणतो. ‘हे तुम्ही कोणाबद्दल, केव्हा म्हणाल?’ असं विचारावं. त्याने सांगितलेला प्रसंग आपल्या चार वाक्यांशी जुळला तर शब्द बरोबर.

त्या बारा गावांबद्दल सांगायलाच हवं, कारण वाटणीच्या गोष्टीत लगेच पुढे वकील येतो आणि तो ‘बारा गावचं पाणी प्यायलेला’ असतो. मराठीत बारा ही संख्या ‘पुष्कळ’ म्हणून वावरते. बारा बलुतेदार, बारा मावळ, बारा भानगडी या सगळ्यांतून ती कानात मुरलेली आहे. हिंदीत या जागी संख्या नाही, घाट आहे: ‘घाट-घाट का पानी पिया हुआ’. अर्थ अनुभवी, आणि त्यात सावधपणाची तीच छटा आहे. या माणसाला फसवणं कठीण, आणि त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकणंही कठीण. कौतुक आणि धास्ती यांचं हे मिश्रण दोन्ही भाषांत सारखं आहे. पाणी कायम, गाव गेलं आणि घाट आला. इतकी बरोबर जोडी क्वचित मिळते. मिळाली की निःशंकपणे घ्यावी.

अशाच दिसणाऱ्या दुसऱ्या एका जोडीत मात्र सूक्ष्म फरक आहे. ‘पाण्यात राहून माशाशी वैर’ आणि ‘जल में रहकर मगर से बैर’. पहिल्या नजरेला इथे काही विचार करायलाच नको असं वाटतं. पण मासा आणि मगर यांच्यात अंतर आहे. मराठी म्हणीचा भर सोबत राहण्यावर आहे. ज्यांच्यात रोज वावरायचं, त्यांच्याशी भांडून कसं चालेल? मासा बलवान नाही, तो फक्त त्या पाण्याचा रहिवासी आहे. हिंदी म्हणीत मगर तुम्हाला खाऊ शकते, तिथे भर सत्तेवर आहे. कचेरीत नवा कारकून साहेबाशी भांडत असेल तर हिंदी म्हण जशीच्या तशी चालेल. तोच कारकून शेजारच्या टेबलावरच्या चार सहकाऱ्यांशी भांडत असेल तर मराठीत मासा शोभतो, पण हिंदीत मगर आणली की ते चार सहकारी उगाच भयंकर होतात. तिथे ‘रोज़ इन्हीं के साथ उठना-बैठना है’ असं साधं लिहिणं अधिक प्रामाणिक. आणि ‘जल में रहकर मछली से बैर’ अशी तडजोड तर करूच नये. हिंदी वाचकाला ती म्हण चुकीची पाठ केल्यासारखी वाटते, आणि तो चुकीचा दोष कथेतल्या पात्राला देतो.

काही वेळा अर्थ जुळतो पण वाक्यातली जागा बदलते. ‘त्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.’ हिंदीत घडा आहे, पण तो पालथा नाही, गुळगुळीत आहे: ‘चिकना घड़ा’. मराठीत उपमा सांगण्याच्या कृतीला आहे, हिंदीत माणसाला. म्हणून वाक्याचा कर्ता बदलावा लागतो: ‘वह तो चिकना घड़ा है’, आणि जोडीला ‘उससे कहना न कहना बराबर’. शिवाय ‘चिकना घड़ा’ या शब्दात निगरगट्टपणाचा आरोप आहे. मराठीतला पालथा घडा मठ्ठ असेल, बेफिकीर असेल, लाज सोडलेला असेलच असं नाही. गणित न येणाऱ्या मुलाबद्दल मास्तर ‘पालथ्या घड्यावर पाणी’ म्हणाले, तर हिंदीत त्या मुलाला ‘चिकना घड़ा’ म्हणणं अन्याय होईल. तिथे ‘पल्ले कुछ नहीं पड़ता’ बरं.

उलट दिशेचेही सापळे आहेत, हिंदीतून मराठीत येणाऱ्यांसाठी. ‘वह शर्म से पानी-पानी हो गया’ यातलं ‘पाणी पाणी’ मराठीत तहानेशी जोडलेलं आहे. जीव पाणी पाणी करतो तो कोरड्या घशाने. इथे प्रसंग ओशाळण्याचा आहे आणि त्याची तीव्रता मोठी आहे, म्हणून ‘त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं’ हे योग्य. नुसतं ‘तो लाजला’ म्हणणं फार फिकं. ‘उसके आगे सब पानी भरते हैं’ म्हणजे त्याच्यापुढे सगळे कमी पडतात. मराठीत पाणी भरते ती लक्ष्मी, आणि ती श्रीमंताच्या घरी भरते. दोन्हींच्या मुळाशी पाणी भरणाऱ्या सेवकाचं चित्र आहे, पण एकातून श्रेष्ठत्व निघालं आणि दुसऱ्यातून संपत्ती. आणि मराठीत शत्रूला ‘पाणी पाजलं’ म्हणजे हरवलं. हिंदीत शत्रूला ‘पानी पिलाया’ म्हणजे त्याची तहान भागवली. लढाईच्या वर्णनात यापेक्षा मोठी उलथापालथ होऊ शकत नाही. तिथे हिंदीचं ‘दाँत खट्टे कर दिए’ किंवा ‘धूल चटा दी’ हवं. पहिल्यात शत्रू जेरीस येतो, दुसऱ्यात तो पुरता हरतो. मूळ प्रसंगात लढाई संपली की नुसती रंगली, ते पाहून निवड करावी.

शब्दशः नेलेला प्रत्येक वाक्प्रचार मरतोच असं मात्र नाही, आणि हे मान्य केल्याशिवाय ही चर्चा प्रामाणिक होणार नाही. ‘पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलं’ हे इंग्रजीतून उचललेलं आहे, आणि आज ते मराठी वर्तमानपत्रांत निर्वेधपणे नांदतं. ‘नक्राश्रू’ आणि हिंदीतले ‘घड़ियाली आँसू’ हेही तसेच बाहेरून आले आणि घरचे झाले. ‘पांढरा हत्ती’, ‘हिमनगाचं टोक’ यांचंही तेच. हे का टिकले? माझ्या मते दोन कारणं आहेत. चित्र पाहताक्षणी अर्थ सांगतं, त्यासाठी परक्या चालीरीतीची माहिती लागत नाही. आणि मराठीत ती नेमकी जागा मोकळी होती. दोन्ही गोष्टी असतील तरच शब्दशः भाषांतराला वाव आहे. पण येताना अर्थ आकसतो, हेही ध्यानात ठेवावं. इंग्रजीत पुलाखालच्या पाण्याचे दोन अर्थ आहेत: मधल्या काळात बरंच घडलं हा एक, आणि झालं ते गेलं, आता त्याचं काय, हा दुसरा. मराठीत पहिलाच रुजला. दुसऱ्या अर्थाने वापरलेलं इंग्रजी वाक्य आजही ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ असंच मराठीत आणावं लागतं, आणि ते किती सुंदर बसतं.

उलट, इंग्रजीतलं ‘उत्साहावर थंड पाणी ओतणे’ मराठीत रुजलं नाही, कारण जागा मोकळी नव्हती. आपल्याकडे आनंदावर आणि उत्साहावर विरजण पडतं. उन्हाळ्याच्या देशात थंड पाण्याने कोणाचा विरस होत नाही, पण दुधात अवेळी विरजण पडलं तर दूध गेलंच.

कोशांबद्दल एक शब्द. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ आणि त्याआधी मोल्सवर्थचा 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश, यांच्याशिवाय या विषयात पाऊल टाकता येत नाही. हिंदीच्या बाजूला नागरी प्रचारिणी सभेचा ‘हिंदी शब्दसागर’ आहे. हे कोश मुख्य शब्दानुसार लावलेले आहेत आणि तेच त्यांचं बलस्थान आहे. वाक्प्रचाराचा अर्थ शोधायला ती रचना उत्तम. पण समान वाक्प्रचार शोधायला तीच रचना चकवते, कारण मराठी कोशातल्या ‘पाणी’वरून हात आपोआप हिंदी कोशातल्या ‘पानी’कडे जातो, आणि डाळ तर ‘द’मध्ये बसलेली असते.

म्हणून या संग्रहाची मांडणी शब्दांवरून न करता प्रसंगांवरून केली आहे. हक्क सोडणं, संशय येणं, घाबरणं, श्रम वाया जाणं, पराभव करणं, ओशाळणं, कोणाची योग्यता आजमावणं, अशी प्रकरणं आहेत. प्रत्येक नोंदीत मराठी वाक्प्रचार पूर्ण वाक्यात दिला आहे, खाली प्रसंग साध्या मराठीत उलगडला आहे आणि मग हिंदी पर्याय, तोही पूर्ण वाक्यात. ‘पाणी जोखणे’ शोधणाऱ्याला योग्यता आजमावण्याच्या प्रकरणात हिंदीचं ‘थाह लेना’ भेटेल. तेही मुळात पाण्याची खोली मोजणंच आहे. ‘तोंडचं पाणी पळणे’ भीतीच्या प्रकरणात ‘होश उड़ना’च्या शेजारी आहे, आणि ‘तोंडाला पाणी सुटणे’ त्याच्यापासून दूर, हावेच्या प्रकरणात.

काही नोंदींत हिंदीची जागा कोरी आहे. उदाहरणार्थ, ‘देव पाण्यात ठेवून बसणे’. इच्छा पुरी होईपर्यंत देव पाण्यात ठेवायचे, पाऊस यावा म्हणून महादेवाचा गाभारा पाण्याने भरायचा, या रूढीतून ते आलं आहे. ‘सरकार पडावं म्हणून विरोधक देव पाण्यात ठेवून बसले होते’ या वाक्यात उत्कट इच्छा आहे, स्वतः काही न करता वाट पाहणं आहे, आणि देवालाच अडचणीत टाकण्याचा हट्ट आहे. हिंदीत ‘देवी-देवता मना रहे थे’ म्हटलं तर इच्छा येते, वाट पाहणं येतं, पण हट्ट येत नाही. सध्या तेच वापरावं असं तळटीपेत सुचवलं आहे, तरी ते पुरेसं आहे असं मी मानत नाही. ‘पाण्यात पाहणे’ याचीही तीच स्थिती आहे. ‘फूटी आँख न सुहाना’ जवळ जातं, पण त्यात नावड आहे, मराठीतला वैरभाव नाही.

ज्या वाचकांचं घर दोन भाषांत आहे, माहेर इंदूर-ग्वाल्हेरकडचं आणि सासर पुण्याचं, किंवा उलट, त्यांच्या कानावर या प्रसंगांतले शब्द पडत असतील. अशा कोऱ्या जागेसाठी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून काही ऐकलं असेल, तर ते ज्या वाक्यात ऐकलं त्या पूर्ण वाक्यासह आणि कोण कोणाला म्हणालं त्यासह लिहून कळवावं. नुसता वाक्प्रचार कळवला तर तो नोंदवता येणार नाही.